पहिल्या रेसिपी व्हिडिओआधी एवढं बघा

व्हिडिओ ऐकू न येणाऱ्यांना आणि कमी दिसणाऱ्यांनाही कळायला हवा. त्यासाठी आपोआप आलेली कॅप्शन तशीच सोडू नका. ‘पाव चमचा हिंग’चं ‘पाच चमचे हिंग’ झालं, तर वाचून करणाऱ्याची आमटी गेलीच! आकडे आणि मापं स्वतः तपासा. एका वेळी दोनच ओळी ठेवा आणि कामाचे आवाजही लिहा: [मोहरी तडतडते], [कुकरची तिसरी शिट्टी]. पार्श्वसंगीताचं वर्णन मात्र दर मिनिटाला नको.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे भातावर किंवा खोबऱ्यावर पांढरी अक्षरं. ती दिसतच नाहीत. मागे काळी पट्टी द्या. अक्षर आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट किमान 4.5:1 हवा; तो मोजणारी मोफत साधनं मिळतात.

सगळ्यात जास्त लक्ष बोलण्याकडे द्या. ‘एवढं पाणी’, ‘असा रंग’ हे कमी दिसणाऱ्याला काहीच सांगत नाही. ‘तांदळाच्या वर बोटाचं एक पेर पाणी’, ‘कांदा कडेनं तांबूस झाला’ असं बोला. शूटिंग करतानाच हे बोललात की बहुतेक वेळा वेगळं वर्णन जोडावं लागत नाही.

टाकण्याआधी व्हिडिओ एकदा डोळे मिटून ऐका, एकदा आवाज बंद करून बघा. जिथे अडाल, तेवढंच दुरुस्त करा. वर्णनाचा स्वतंत्र ऑडिओ ट्रॅक वगैरे नंतर बघू.