आईला क्रिएटिन द्यावं का?

"आई ७१ वर्षांची आहे, मध्यंतरी बाथरूममध्ये पडली. पायात जोरच उरला नाही म्हणते. क्रिएटिन दिलं तर पाय घट्ट होतील का? की किडनी खराब होईल?"

ज्येष्ठांचं समुपदेशन करताना हल्ली मुलांकडून, सुनांकडून हे सारखं ऐकते. एका मावशींची गोष्ट सांगते, त्यात बरंचसं उत्तर आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

मावशी पूर्ण शाकाहारी. पहाटे उठून बाथरूमला जाताना त्या पडल्या. हाड मोडलं नाही, पण त्या दिवसापासून जिना बंद, देऊळ बंद. जिमला जाणारा मुलगा क्रिएटिन पावडरचा डबा घेऊनच आला होता. मावशींचा पहिलाच प्रश्न, "ही पावडर घेतली की मी पुन्हा पडणार नाही ना?"

मी म्हटलं, "आधी हात छातीशी बांधा आणि या खुर्चीतून उठून-बसून दाखवा. अर्ध्या मिनिटात जमेल तितक्या वेळा."

सहा वेळा जमलं. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या बाईला दहापेक्षा कमी वेळा जमलं, तर पडण्याचा धोका जास्त धरतात. मावशींनी आकडा ऐकला आणि म्हणाल्या, "म्हणजे पाय खरंच गेलेत." मी म्हटलं, "गेले नाहीत. तुम्ही त्यांना बसवून ठेवलंय." भीतीशी वाद घालून भीती जात नाही, असं माझं ठाम मत आहे. माणसाला काहीतरी करून पाहता आलं, तरच ती ओसरते. म्हणून माझ्या खोलीत बोलण्याइतकंच उठणं-बसणंही चालतं.

मुलाला क्रिएटिनबद्दल हे सांगितलं. शरीर ते थोडं स्वतः बनवतं, थोडं मांस-मासळीतून मिळतं, त्यामुळे शाकाहारी माणसाच्या स्नायूंत साठा कमी असतो. खुर्चीतून उठताना किंवा पाय घसरल्यावर तोल सावरताना पहिल्या काही सेकंदांत जो जोर लागतो, त्याचं इंधन स्नायू या साठ्यातून लगेच भरून काढतो. मात्र नुसती पावडर घेऊन वयस्कांना फारसा फायदा दिसत नाही. ताकदीचे व्यायाम करणाऱ्या वयस्कांवरचे २२ अभ्यास २०१७ साली एकत्र तपासले गेले. त्यांत क्रिएटिन घेणाऱ्यांचं चरबी सोडून उरणारं वजन इतरांपेक्षा सरासरी १.४ किलोच्या आसपास जास्त वाढलं आणि पायांची ताकदही जास्त वाढली. तोलाबाबतचा पुरावा त्याहून कच्चा आहे आणि पडणं कमी होतं हे थेट सिद्ध झालेलं नाही. पडणं कमी होतं ते पायांच्या आणि तोलाच्या व्यायामाने, त्याचा पुरावा भक्कम आहे. पावडर त्या व्यायामाला हात देते, एवढंच.

मग डॉक्टरांकडे पाठवलं. किडनीचं काम जोखायला रक्तात मोजतात ते क्रिएटिनिन ०.८, लघवीत प्रथिनं नाहीत. किडनीचा आजार असता तर मी तिथेच थांबवलं असतं. पण पहाटेच्या पडण्याचं मोठं कारण वेगळंच निघालं: रात्रीची झोपेची गोळी. डॉक्टरांनी ती हळूहळू कमी केली. कुठल्याही डब्याच्या आधी औषधांची यादी, झोपून आणि उभं राहून मोजलेलं बीपी, बी-१२ आणि डोळे हे सगळं बघून घ्या, असं मी प्रत्येक घराला सांगते.

मुलाला पहिले पाच दिवस रोज २० ग्रॅम द्यायचे होते, जिममध्ये तसं करतात म्हणून. मी नको म्हटलं. रोज ३ ग्रॅम घेतलं तरी चारेक आठवड्यांत स्नायू तितकेच भरतात. मोठ्या मात्रेने पोट बिघडतं, आणि या वयात रात्री घाईघाईत संडासला धावणं हेच पडायचं कारण ठरतं. डब्यातला चमचा ३ ग्रॅमचाच असेल असं नाही, म्हणून वजनकाट्यावर एकदा मोजून घ्यायला सांगितलं. साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट, कोमट पाण्यात ढवळून लगेच प्यायचं.

व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून उठायचं आणि बसताना मनात चार आकडे मोजत सावकाश बसायचं. आठ-आठच्या दोन फेऱ्या. मग ओट्याला धरून टाचा उचलायच्या, ओट्यावर बोटं टेकवून एका पायावर उभं राहायचं. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. सोपं वाटू लागलं की हातात एकेक किलोची तांदळाची पिशवी. वाढवत नेलं नाही तर पावडरला करण्यासारखं काही उरत नाही, आणि बहुतेक घरांत गाडं इथेच अडतं.

पहिल्या महिन्यात वजन किलोभर वाढलं, मावशी धास्तावल्या. हे वजन स्नायूंच्या आत साठणाऱ्या पाण्याचं, त्याने नुकसान नाही. पाय सुजले, बोटाने दाबल्यावर खळगा राहिला, तर मात्र ते वेगळं दुखणं, लगेच डॉक्टर गाठायचे.

खरा पेच तिसऱ्या महिन्यात आला. एका शिबिरात तपासणी झाली. क्रिएटिनिन १.०, आणि त्यावरून काढलेला किडनीच्या कामाचा आकडा ७९ वरून ६० वर. सुनेने डबा कपाटात टाकला. मावशींनी पावडरसोबत व्यायामही सोडला.

त्या आल्या तेव्हा म्हणाल्या, "पावडरच बंद झाली. आता कशाच्या जोरावर उठू?"

आतापर्यंत मी त्यांच्या पायांकडे बघत होते. त्या वाक्याने कळलं की जमलेल्या प्रत्येक गोष्टीचं श्रेय त्या डब्याला देत होत्या. मी वाद घातला नाही. "हात बांधा," म्हटलं. मावशी उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. अकरा वेळा. मग उभ्याच राहिल्या आणि स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत म्हणाल्या, "डबा तर दहा दिवस बंद आहे."

मी खरं तेच सांगितलं: क्रिएटिन स्नायूंत चार-सहा आठवडे टिकतं, त्यामुळे त्याचा वाटा यात असेलच. पण उठलात तुम्ही. त्या हसल्या. "मग जिना उतरते आज." माझ्या समोर कठड्याला हात लावून त्या पूर्ण मजला उतरल्या. इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मी जपून ठेवले आहेत.

रिपोर्टचं कोडंही सुटलं. क्रिएटिनपासूनच क्रिएटिनिन तयार होतं, म्हणून पावडर घेणाऱ्याचा आकडा किडनी ठणठणीत असतानाही थोडा चढतो आणि यंत्र त्यावरून किडनी मंद झाल्याचा हिशेब लावतं. डॉक्टरांनी सिस्टॅटिन-सी ही तपासणी करून घेतली. ती क्रिएटिनवर अवलंबून नसते. ती नॉर्मल आली, लघवीही स्वच्छ होती. हे दोन्ही बिघडले असते तर पावडर कायमची बंद.

सध्या ३ ग्रॅम चालू आहे, व्यायामही. सुनेने कपाटाच्या दारावर चिठ्ठी लावली आहे: रक्त द्यायला जाताना लॅबच्या फॉर्मवर "क्रिएटिन घेतात" असं लिहायचं आणि सिस्टॅटिन-सी डॉक्टरांना आठवणीने विचारायचं.