ब्रेकआउट रूममधली दहा मिनिटं

"मॅडम, मत्स्यविज्ञानाची पदवी घेऊन वर्ष झालं. ऑनलाइन नेटवर्किंगच्या चार कार्यक्रमांना बसलो. चार-पाच जणांच्या गप्पांसाठी ब्रेकआउट रूम उघडली की जीभ टाळ्याला चिकटते. ओळख एकाशीही होत नाही. माझं कुठे चुकतंय?"

हर्णैच्या या मुलाला मी आधी फोन दाखवायला सांगितला. झूमवर त्याच्या चौकटीखाली फोनच्या मॉडेलचं नाव दिसत होतं. ते बदलून आम्ही त्याचं नाव, 'मासळी गुणवत्ता तपासणी' आणि गाव लिहिलं. चॅटमध्ये तो सुरुवातीलाच 'नोकरी शोधतोय' म्हणून लिंक टाकायचा. सगळ्यांच्या नमस्कारांत ती वर सरकून जायची.

पाचव्या कार्यक्रमात वक्ते शीतसाखळीवर बोलत असताना त्याने चॅटमध्ये विचारलं, "बांगड्यात हिस्टामाइन वाढू नये म्हणून बर्फ होडीवरच तपासता, की माल कारखान्यात आल्यावर?" हिस्टामाइन म्हणजे मासळी पुरेशी गार न राहिल्यास तिच्यात तयार होणारं, खाणाऱ्याला बाधणारं द्रव्य. ते एकदा तयार झालं की शिजवून किंवा गोठवून जात नाही, म्हणून हा प्रश्न त्या धंद्यातल्या माणसाला लागतोच. सूत्रसंचालकांनी तो वाचून दाखवला.

मग ब्रेकआउट रूम. माणसं पाच, वेळ दहा मिनिटं, म्हणजे वाट्याला दोनच. आम्ही तीन वाक्यं घोकून ठेवली होती: मी कोण, हर्णै बंदरावरच्या लिलावात लहानपणापासून काय पाहिलं, आणि मला काय शिकायचंय. तिसरं संपताच दुसऱ्याला प्रश्न. बोलायचं ओझं तिथेच उतरतं. पावसात रेंज डळमळली तेव्हा त्याने कॅमेरा बंद केला आणि कारण चॅटमध्ये लिहिलं, नाहीतर लोकांना वाटतं हा उठून गेला.

एक गोष्ट मी त्याला बजावली होती. रूममधलं चॅट त्या रूमपुरतंच असतं. रूम बंद होताना घड्याळ उलटं मोजू लागतं, बहुधा ६० सेकंद, आणि मग माणसं पांगतात. म्हणून नावं वहीत, आणि प्रत्येकापुढे त्याचं एक वाक्य. त्याच्या वहीत दोन नावं आली. एका बाईंपुढे लिहिलं होतं, 'बर्फ कमी, तक्रारी जास्त'.

रात्री साडेआठला त्याने मला मसुदा पाठवला. बायोडेटा आणि 'कृपया संधी द्या'. मी ते खोडायला सांगितलं, कारण ओळख अजून काही तासांचीच होती. शेवटी लिंक्डइनवर हे गेलं:

"नमस्कार मॅडम, आज आपण एकाच रूममध्ये होतो. होडीवर बर्फ कमी पडतो हे तुम्ही म्हणालात, ते मी हर्णैत रोज पाहतो. बर्फाच्या नोंदी तुम्ही कशा ठेवता, सवडीने सांगाल का?"

त्याच दिवशी पाठवायचं ते यासाठी, की 'बर्फ' म्हटल्यावर त्यांना चेहरा आठवला पाहिजे. चार दिवसांनी तोच निरोप अनोळखी माणसाचा होतो.

दुसऱ्या व्यक्तीचं उत्तर आलं नाही. आठवड्याने एक आठवण पाठवायची आणि विषय सोडायचा, असं आमचं ठरलं. बाईंनी सकाळी नोंदवहीच्या रकान्यांचा फोटो पाठवला आणि विचारलं, "रत्नागिरीकडे येणं झालं तर कारखाना बघायला याल का?"