प्रोबेशन संपल्यावरच्या कन्फर्मेशन लेटरमध्ये नेमकं काय लिहावं?

प्रश्न: अंबडला आमचं छोटं मशीन शॉप आहे. एका क्वालिटी इन्स्पेक्टरचं सहा महिन्यांचं प्रोबेशन ४ नोव्हेंबरला संपतंय. मुलगा चांगला आहे, कायम करायचंय. पत्रात त्याच्या जमेच्या बाजू आणि पुढच्या वर्षाची उद्दिष्टं कशी लिहू?

उत्तर: मी सातपूरच्या एका कारखान्यात एचआरचं काम बघते, त्यामुळे अशी पत्रं दरवर्षी हाताखालून जातात.

आधी त्याचं अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा. प्रोबेशन किती महिन्यांचं, ते वाढवता येतं का, आणि कायम झाल्यावर नोटीस पिरियड किती, हे तिथे लिहिलेलं असतं. नवं पत्र त्याच्याशी जुळलं पाहिजे. ‘५ नोव्हेंबरपासून तुम्हाला कायम करण्यात येत आहे’ हे पहिल्याच वाक्यात येऊ द्या. त्याखाली हुद्दा, पगार बदलला की तोच राहिला, आणि नवा नोटीस पिरियड. पत्र ४ तारखेच्या आत त्याच्या हातात पडू द्या. तारीख उलटून महिना गेला तरी पत्र नाही, असं झालं की माणूस दुसरीकडे बायोडेटा टाकायला लागतो.

आता कौतुक. ‘मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर’ हे तीन शब्द कुणाच्याही पत्रात चालतात, म्हणून त्याच्या पत्रात नकोत. त्याने काय केलं ते लिहा. सुपरवायझरला विचारा, या सहा महिन्यांत त्याच्यामुळे कुठलं नुकसान टळलं? समजा, सेटिंग बदलल्यावर पहिला नग तपासताना बोअरचा साइज वरच्या टॉलरन्सला टेकलेला त्याला दिसला आणि त्याने लॉट सुरू होण्याआधी मशीन थांबवायला लावलं. मग पत्रात असं येईल:

> ‘सेटिंगनंतरचा पहिला नग पास झाल्याशिवाय लॉट सुरू होऊ न देण्याची शिस्त तुम्ही रात्रपाळीतही पाळलीत. बोअरचा साइज टॉलरन्सच्या वरच्या टोकाला गेल्याचं तुम्ही वेळेत दाखवून दिल्यामुळे पुढचा लॉट वाचला.’

अशी दोन उदाहरणं पुरेत. मात्र खरी हवीत आणि रजिस्टरला नोंद असलेली हवीत. हे पत्र पर्सनल फाइलमध्ये राहतं. ‘सर्वच बाबतींत उत्कृष्ट’ असं आज लिहाल आणि वर्षभराने कामाबद्दल तक्रार कराल, तर तो हेच पत्र पुढे ठेवेल आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही.

खरी गडबड उद्दिष्टांत होते. बरेच मालक ‘कस्टमर रिजेक्शन निम्म्यावर आणणे’ असं लिहून मोकळे होतात. पण रिजेक्शन टूल झिजल्याने होतं, ऑपरेटरमुळे होतं, कास्टिंगमधल्या ब्लोहोलमुळे होतं. इन्स्पेक्टर त्यातलं फक्त पकडू शकतो. जे त्याच्या हातात आहे तेच त्याच्याकडून मागा. तुमच्याकडे बाहेरून आलेला माल तपासणीला दोन दिवस पडून राहत असेल, तर ‘इनवर्ड तपासणी लवकर करणे’ असं मोघम लिहू नका. असं लिहा:

> ‘मालासोबतचं मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट मिळाल्यापासून एका कामाच्या दिवसात तपासणी पूर्ण करून रिपोर्ट स्टोअरला देणे.’

सर्टिफिकेटची अट मुद्दाम घातली आहे. सप्लायरने कागद उशिरा पाठवला तर तो दोष याच्या माथी येऊ नये. दुसरं उद्दिष्ट व्हर्निअर, मायक्रोमीटर, प्लग गेज यांच्या कॅलिब्रेशनचं ठेवता येईल: यादी त्याने सांभाळायची आणि मुदत संपलेलं एकही गेज शॉपवर वापरात दिसता कामा नये. हे ऑडिटच्या दिवशी स्टिकर पाहून कुणालाही तपासता येतं. तिसरं शिकण्याचं असू द्या, उदाहरणार्थ इंटर्नल ऑडिटरचं ट्रेनिंग. फी आणि सुट्टी कंपनी देणार असेल तर तेही तिथेच लिहा. तीनच्या वर जाऊ नका.

‘पुढचं वर्ष’ म्हणजे कोणतं, हेही ठरवा. तुमची पगारवाढ एप्रिलला होत असेल, तर नोव्हेंबरात कायम झालेला माणूस गोंधळतो. उद्दिष्टं ५ नोव्हेंबरपासून बारा महिन्यांची, एप्रिलमध्ये अर्धा आढावा, आणि या एप्रिलच्या पगारवाढीत त्याचा विचार होणार की नाही, हे सरळ लिहा.

एक चूक मात्र कटाक्षाने टाळा: ‘ही उद्दिष्टं पूर्ण केल्यास कायम समजण्यात येईल’ असा सूर लावू नका. त्याने कायम आणि प्रोबेशन दोन्हींचा अर्थ धूसर होतो आणि वाद झाला तर पत्र तुमच्याच अंगावर येतं. कायम करणं बिनशर्त, उद्दिष्टं वेगळ्या परिच्छेदात. त्याच्याबद्दल खरोखर शंका असेल, तर अपॉइंटमेंट लेटरमध्ये सोय असल्यास मुदत संपण्याआधी लेखी प्रोबेशन वाढवा.

पत्र देण्याआधी त्याला बसवून उद्दिष्टं वाचून दाखवा. एका दिवसात तपासणी होणं शक्य आहे का, हे तोच नीट सांगेल आणि आकडा तेव्हाच बदलता येईल. पत्र मराठीत दिलंत तरी चालतं. दोन प्रती काढा, एकीवर ‘मिळाले’ असं लिहून तारखेसह त्याची सही घ्या आणि ती फाइलला लावा.