अक्कलदाढ काढल्यावर खड्डा ‘कोरडा’ पडू नये म्हणून

“मॅडम, माझ्या मुलाची खालची अक्कलदाढ आडवी आहे, काढा म्हणतात. पण गोळीनं दुखणं थांबलंय. काढल्यावर खड्ड्यात हाड उघडं पडतं आणि जीव नकोसा होतो, असं शेजारीण सांगते. मग काढायचीच कशाला?”

ताई, दाढ आडवी आहे एवढ्यावरून ती काढत नाहीत. तिच्यामुळे काय बिघडतंय ते बघतात. आमच्याकडे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला, यंत्रमागावर काम करणारा सव्वीस वर्षांचा मुलगा आला होता. त्याची डावीकडची खालची दाढ पुढे कलून शेजारच्या दाढेला टेकली होती. अर्धवट झाकणाऱ्या हिरडीखाली अन्न अडकून सहा महिन्यांत दोनदा सूज आली, तोंड उघडेना. एक्स-रेमध्ये पुढच्या चांगल्या दाढेला मागून कीड लागलेली दिसली. गोळीनं सूज उतरते, पण अन्न अडकायची जागा तशीच राहते. म्हणून दाढ काढायचं ठरलं.

शेजारीण सांगते तो त्रास खरा आहे, त्याला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. दाढ निघाल्यावर खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते आणि तिच्याखाली हाड भरत जातं. गुठळी निसटली किंवा विरघळली की हाड उघडं पडतं. हा मुलगा मावा खायचा, तोही त्याच बाजूला. तंबाखूनं रक्तपुरवठा कमी होतो आणि सतत थुंकल्यानं गुठळी ओढली जाते. म्हणून दाढ काढण्याआधीपासून मावा बंद करायला लावला आणि नंतरही किमान आठवडाभर बंद ठेवायचं ठरलं. मिश्री आणि विडीलाही हेच लागू.

पहिल्या दिवशी गॉजचा बोळा तासभर दाबून धरायचा, लाळ थुंकायची नाही, गिळायची. चूळ, स्ट्रॉ बंद. खाणं थंड, मऊ: दहीभात, गार वरण. चोवीस तासांनी ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून तोंडात नुसतं फिरवायचं आणि खाली मान घालून सोडून द्यायचं, खळखळून चूळ भरायची नाही. कडक भाकरी आणि शेंगा चटणी मात्र दोन आठवडे नको, कण खड्ड्यात जाऊन बसतात.

तिसऱ्या दिवशी घाबरून त्याच्या आईचा फोन आला, “गाल अजून सुजलाय, खड्ड्यात पांढरं दिसतंय.” सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सर्वांत जास्त असते, आणि तो पांढरा थर भरून येणाऱ्या जखमेचा असतो, खरवडायचा नाही. आम्ही एकच विचारलं, “दुखणं कालपेक्षा कमी आहे का?” कमी होतं. ड्राय सॉकेटमध्ये उलट होतं: कमी झालेलं दुखणं दुसऱ्या ते चौथ्या दिवशी परत उसळतं, कानापर्यंत जातं, तोंडाला घाण वास येतो, गोळीनं भागत नाही. तसं झालं तर त्याच दिवशी यायचं. खड्डा सलाइननं धुऊन औषधाची पट्टी ठेवली की बहुतेकांना लवकर आराम पडतो. घरात लवंग तेल ओतू नका, हाड आणि हिरडी भाजते.

सातव्या दिवशी त्याचे टाके काढले. उजवीकडची दाढही आडवीच आहे, पण पूर्ण हाडात असून काहीच त्रास नाही. ती ठेवली आहे, अधूनमधून तपासत राहायचं.