एका मिनिटाच्या डेमोत काय शिकवावं?

बेळगावात वडगावला सहावी-सातवीचे क्लास घेतो. पालकांना माझी शिकवण्याची पद्धत दिसावी म्हणून एका मिनिटाचा शॉर्ट करायचाय. एवढ्या वेळात काय शिकवू?

सर, अख्खा धडा घेऊ नका, मुलांची एकच चूक घ्या. बरोबर उत्तर सगळेच क्लास सांगतात. चुकलेल्या मुलाशी शिक्षक कसा वागतो, हे पालकांना बघायचं असतं. मी टिळकवाडीत गणित शिकवते, त्यामुळे उदाहरण अपूर्णांकांचं देते.

शॉर्ट सुरू होतानाच फळ्यावर 1/2 + 1/3 = 2/5 लिहिलेलं असू दे. वरचे आकडे वर मिळवले, खालचे खाली. ही चूक दरवर्षी वह्यांत सापडतेच. ती तुमच्याच अक्षरात लिहा, कुणा मुलाची म्हणून दाखवू नका. आपल्याकडे गल्लीत सगळे एकमेकांना ओळखतात, पोराचं हसं होईल.

आता 60 सेंटीमीटर लांबीची कार्डशीटची पट्टी फळ्यावर चिकटवा. निम्मी, म्हणजे 30 सेंटीमीटर, रंगवलेली असावी. मग विचारा, "यात अजून थोडं मिळवलं, तर रंग वाढेल का कमी होईल?" विचारून चार-पाच सेकंद गप्प राहा. हा थांबा एडिटिंगमध्ये कापू नका, मुलांना विचार करायला तुम्ही वेळ देता हे तिथंच कळतं. मुलं "वाढेल" म्हणाली की पट्टीच्या 2/5 वर, म्हणजे 24 सेंटीमीटरवर, खूण करा. ती निम्म्याच्याही अलीकडे पडते. उत्तर चुकलंय हे मुलंच ओरडून सांगतील.

मग पट्टीवर 10-10 सेंटीमीटरचे सहा भाग पाडा. निम्म्यात तीन भाग बसतात, तिसऱ्या हिश्शात दोन, मिळून पाच. फळ्यावर 5/6 लिहा आणि थांबा. लसावि, छेद समान करणं वगैरे इथं आणलंत तर मिनिट पुरणार नाही. सावकाश बोललं तर मिनिटात शंभर-सव्वाशे शब्द होतात, आणि त्यातला थोडा वेळ मुलांच्या उत्तरांना लागतो. आकडे नि पट्टी असल्यामुळे कन्नड बोलणाऱ्या पालकांनाही बघून समजतं.

मोबाईल उभा धरा. पट्टी चौकटीच्या मधोमध किंवा थोडी वर ठेवा, खालच्या भागावर शॉर्टचं नाव आणि बटणं येतात. पंखा बंद करा, नाहीतर मुलांचा आवाज घरघरीत बुडतो. मुलांचे चेहरे दाखवणार असाल तर पालकांची लेखी परवानगी आधी घ्या. नाहीतर मागून चित्रण करा, नुसता आवाजही चालतो.

टाकण्याआधी गणिताशी संबंध नसलेल्या एखाद्या आईला दाखवा आणि "मुलं कुठं चुकली होती?" असं विचारा. तिला सांगता आलं तर शॉर्ट जमला. "सर छान बोलतात" एवढंच म्हणाली, तर पट्टीचा भाग पुन्हा घ्या. शेवटी निकाल आणि फी घालू नका. वर्गाची वेळ सांगा आणि पालकांना मागच्या बाकावर अर्धा तास बसायला बोलवा, कारण रोज वर्ग कसा चालतो ते मिनिटात दिसत नाही.