वाहतूक समस्येचं उत्तर पूर्णांकातच का मिळतं?

प्रश्न: कोणत्या गोदामातून कोणत्या बाजाराला किती माल पाठवला की एकूण खर्च सर्वांत कमी होतो, हे शोधणं म्हणजे वाहतूक समस्या. पुरवठा आणि मागणी पूर्णांक असली की तिचं इष्टतम, म्हणजे सर्वांत कमी खर्चाचं, उत्तरही पूर्णांकात येतं. अशी अट तर कुठे घातलेली नसते, मग हे होतं कसं?

उत्तर: कारण हे उत्तर फक्त वजाबाकी करत सापडतं, भागाकाराची वेळच येत नाही.

समजा दोन गोदामं आहेत, अ कडे ३० पोती आणि ब कडे २०. तीन बाजारांची मागणी १५, २५ आणि १०. गोदामांच्या ओळी आणि बाजारांचे रकाने असा तक्ता करून प्रत्येक घरात पाठवायचा माल लिहा. त्यातल्या भरलेल्या घरांतून, एकदा ओळीत तर एकदा रकान्यात सरकत, बंद फेरा होत असेल, तर त्या फेऱ्यावर आळीपाळीने थोडा माल वाढवत-घटवत जा. दोनपैकी एका दिशेने खर्च कमी तरी होतो किंवा तेवढाच राहतो, त्यामुळे एखादं घर शून्य होईपर्यंत सरकवून फेरा मोडता येतो. म्हणून बिनफेऱ्याचं इष्टतम उत्तर नेहमीच असतं.

फेरा नसला की एखाद्या ओळीत किंवा रकान्यात एकच भरलेलं घर उरतं. समजा अ–१, अ–२, ब–२, ब–३ ही घरं भरलेली आहेत. पहिल्या बाजाराला फक्त अ पुरवतो, म्हणजे तिथे १५. अ कडे उरले १५, ते दुसऱ्या बाजाराला. त्याला आणखी १० हवीत, ती ब देतो. ब ची उरलेली १० तिसऱ्याला. पूर्णांकातून पूर्णांक वजा केला की अपूर्णांक येणार कुठून? वाहतुकीचे दर मात्र अपूर्णांकात असले तरी चालतात.

एक लक्षात घ्या: प्रत्येक इष्टतम उत्तर पूर्णांकी असेलच असं नाही. दोन उत्तरांचा खर्च सारखा असेल तर त्यांची सरासरीही इष्टतमच, आणि तीत अर्धं पोतं येऊ शकतं. शिवाय एकूण डिझेलच्या मर्यादेसारखी, अनेक घरांना वेगवेगळ्या गुणकांनी बांधणारी जादा अट घातली, तर ही हमी राहत नाही.