अकरा चुका, पण प्रकरणे चाळू नकोस

«सर, मी तलाठी भरतीची तयारी करते आहे. राहणार लातूर जिल्ह्यातली. कालच्या सराव परीक्षेनंतर डायरीत लिहिलेले तसेच्या तसे पाठवते: "मराठी २५ पैकी १४. चुकले ११. प्रयोग ३, विभक्ती-कर्ता १, शब्दांच्या जाती २, समास २, शुद्धलेखन ३. म्हणजे पाचही प्रकरणे कच्ची. उद्यापासून व्याकरण पहिल्या पानापासून." सोबत चुकलेल्या प्रश्नांचे फोटो जोडले आहेत. परीक्षेआधी एवढे सगळे पुन्हा होईल का?»

प्रिय विद्यार्थिनी,

फोटो नीट पाहिले. पहिल्या पानापासून सुरुवात करू नकोस. डायरीत तू चुका पुस्तकाच्या अनुक्रमणिकेप्रमाणे लावल्या आहेस. त्यावरून प्रश्न कोणत्या धड्यातला होता ते कळते, पण उत्तर चुकले कशामुळे ते कळत नाही. प्रत्येक प्रश्नासमोर "मी हा पर्याय का निवडला?" एवढेच लिही आणि त्या कारणांवरून गट पाड. फोटोंवरून मला जे दिसले ते सांगतो.

पहिला गट प्रयोगाचा आहे आणि कर्ता ओळखण्याचा प्रश्नही त्यातच जातो. "शिपायाने चोराला पकडले" याला तू कर्मणी म्हटलेस, कारण 'ने' दिसला. "मी पत्र वाचले" याला कर्तरी म्हटलेस, कारण 'ने' दिसला नाही. "मला दूध आवडते" यात कर्ता 'मला' धरलास, कारण माणूस तोच आहे. तिन्ही ठिकाणी तू शब्दाचे बाह्यरूप पाहिलेस, क्रियापद कोणामागे चालते ते पाहिले नाहीस.

ते असे पाहायचे. आधी कर्त्याचे लिंग किंवा वचन बदल, मग कर्माचे. "शिपायांनी चोराला पकडले", पकडले तसेच. "शिपायाने मांजरीला पकडले", तरीही पकडले. क्रियापद कोणालाच जुमानत नाही, म्हणून भावे. आता "मी पत्र वाचले" घे. "आम्ही पत्र वाचले", बदल नाही. "मी चिठ्ठी वाचली", बदलले. क्रियापद कर्माप्रमाणे चालते, म्हणून कर्मणी. मी, आम्ही, तू, तुम्ही यांना तृतीयेत 'ने' दिसत नाही, एवढाच तो सापळा. दुधाच्या वाक्यात 'मला' काढून 'त्यांना' घातलेस तरी 'आवडते' तसेच राहते, पण 'दूध'च्या जागी 'आंबे' घातलेस की 'आवडतात' होते. आवडणारे काय? दूध. म्हणून कर्ता दूध, आणि प्रयोग कर्तरी.

तुझ्याबाबतीत इथे एक अडचण जास्तीची आहे. लातूर-सोलापूरकडे बोलताना "मी काम केलो", "मी पुस्तक वाचलो" असे सर्रास म्हणतात. ती बोली आपली आहे आणि घरी ती तशीच बोलावी. पण प्रयोगाची चाचणी कानावर सोडलीस तर कान कर्तरी सांगणार आणि उत्तरतालिका कर्मणी मागणार. म्हणून वाक्य बदलताना ते प्रमाण मराठीत कागदावर लिही. उलट बाजूही लक्षात ठेव: "मी चहा प्यालो", "मी नाव विसरलो", "ती धडा शिकली" या वाक्यांत भूतकाळ आहे, कर्मही आहे, तरी प्रयोग कर्तरीच आहे. पिणे, विसरणे, शिकणे, बोलणे अशा क्रियापदांची छोटी यादी डायरीच्या मागच्या पानावर असू दे. आणि "तू कविता वाचलीस" यात वाचली कवितेमागे जाते, पण शेवटचा 'स' तुझ्यामागे जातो. "तू निबंध लिहिलास", "तुम्ही निबंध लिहिलात" करून बघ. हा संकर प्रयोग. सरावाच्या उत्तरतालिकेत याला सरळ कर्मणी म्हटलेले आढळले, तर व्याकरणाच्या मान्य पुस्तकाशी ताडून बघ. उत्तरतालिकेची चूक स्वतःच्या खात्यावर मांडू नकोस.

दुसरा गट शब्दांच्या जाती आणि समास यांचा. तू त्यांना दोन प्रकरणे मानलेस, पण कारण एकच आहे: सुटा शब्द पाहिला की तुझे उत्तर ठरते. "तो मुलगा हुशार आहे" यात 'तो'ला सर्वनाम म्हटलेस. नामापुढे बसून नामाबद्दल सांगतो तेव्हा ते विशेषण. "तो मागे वळला" यात 'मागे' शब्दयोगी म्हटलेस, पण ते कोणत्या नामाला चिकटले आहे? 'दारामागे' असते तर शब्दयोगी झाले असते, इथे सुटे आहे म्हणून क्रियाविशेषण. समासातही तेच. 'नीलकंठ' दिसल्यावर निळा कंठ, म्हणून कर्मधारय असे लिहिलेस, पण निळा आहे कंठ ज्याचा तो शंकर, म्हणून बहुव्रीही. लगेच पुढच्या प्रश्नात "पीतांबर नेसून पूजेला बसले" याला बहुव्रीही म्हटलेस. नेसायचे ते पिवळे वस्त्र, विष्णू नव्हे. इथे कर्मधारय. या गटाला पाठांतर उपयोगी नाही. वाक्य पूर्ण वाचून, समास असेल तर विग्रह लिहूनच पर्यायांकडे वळायचे.

शुद्धलेखनाच्या तीनपैकी दोनच चुका खऱ्या व्याकरणाच्या आहेत. 'गरीबांना' आणि 'वकीलाने' तू शुद्ध धरलेस. मूळ शब्दात उपान्त्य इकार किंवा उकार दीर्घ असला तरी प्रत्यय लागताना तो ऱ्हस्व होतो: गरीब-गरिबांना, वकील-वकिलाने, फूल-फुलाला. तत्सम शब्द मात्र तसेच राहतात: शरीर-शरीराला, दूत-दूताने, रूप-रूपाने. नियम एक, अपवाद एक. दोन्ही बाजूंचे पाच-पाच शब्द लिहून काढलेस की पुरे. तिसऱ्या प्रश्नात अशुद्ध शब्द विचारला होता, तू 'फुलाला'वर खूण केलीस आणि 'जमीनीला' सोडलेस. 'जमिनीला' शुद्ध हे तुला येत असावे, प्रश्नातला 'अ' निसटला. त्याला 'वाचनाची चूक' असे वेगळे नाव दे. तिच्यावर उपाय अभ्यास नाही, अशुद्ध, नसलेला, चुकीचा असे शब्द कच्च्या कागदावर उतरवून मगच पर्याय वाचणे हा आहे.

आता डायरीचे पुढचे पान. प्रश्न, मी निवडलेला पर्याय, तो का निवडला, कोणती तपासणी करायला हवी होती, एवढे चारच रकाने. यात एक भर घाल. बरोबर आलेल्या १४ पैकी जे अंदाजाने आले तेही या पानावर यायला हवेत. पुढच्या सरावात शंका आलेल्या प्रश्नाचा क्रमांक तेव्हाच कच्च्या कागदावर टिपून ठेव, नंतर आठवत नाही. २०२३ च्या तलाठी परीक्षेत प्रत्येक प्रश्न २ गुणांचा होता आणि नकारात्मक गुण नव्हते, तेव्हा अंदाजाचे उत्तर टाकायचेच. पण ते तुझ्या तयारीत जमा धरायचे नाही.

गट सुटला की नाही हे जुने प्रश्न पुन्हा सोडवून कळणार नाही, त्यांची उत्तरे तुला आता पाठ आहेत. रोजच्या वर्तमानपत्रातून भूतकाळाची दहा वाक्ये घे, प्रत्येकाचा प्रयोग सांग आणि कर्ता-कर्म बदललेले वाक्य शेजारी लिही. कारण न लिहिता आलेले उत्तर चूकच मोज. पुढच्या दोन सराव परीक्षांत प्रयोगाची चूक आली नाही, तर तो गट बंद करून दुसऱ्याकडे वळ. आली, तर तिच्यासमोरचा तिसरा रकाना मला पाठव.